तुळईखालचा चुना

शनिवार पेठेत, इमारतींच्या मजबुतीचे हिशोब करणाऱ्या आमच्या ऑफिससमोर, कागदाचं एक ठोक दुकान होतं. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. पोटमाळ्यावर कागदाच्या रिमा, माळा एका लोखंडी गर्डरवर, आणि गर्डरच्या बरोबर मध्याखाली चाचांचं टेबल. माळा झुकल्यासारखा वाटतो, असं एकदा ते आमच्या सरांना सांगून गेले. सर म्हणजे ऑफिसचे मालक. गणितात मुरलेले, आणि त्या मुरलेपणावर स्वतःच बेहद्द खूश.

तेव्हापासून वाक मोजायला सरांनी गर्डरखाली दोरी ताणून ठेवली होती. आधी एक गाडी माल चढला की वाक ठरावीकच वाढायचा. या खेपेला आम्ही दुकानात जाऊन पाहिलं, तर माल तेवढाच, आणि वाक दुपटीहून जास्त. मला ते मुळीच आवडलं नाही. सर मात्र निवांत.

"बाहेरचे थर यील्ड झालेत, एवढंच. आतले शाबूत आहेत. अजून दीडपट वजनापर्यंत जाता येतं."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो सर, दीडपट चौकोनी सळईला. फळ्यावर तुम्ही जन्मभर चौकोनच काढलात. हा आय आहे."

आय म्हणजे वर-खाली जाड पट्ट्या, मध्ये पातळ पत्रा. सगळा जीव पट्ट्यांत. त्या यील्ड झाल्या, म्हणजे परत न येण्याइतक्या ताणल्या-दबल्या गेल्या, की त्या जास्त ओढ घेत नाहीत, ती आतल्या पत्र्यावर जाते, आणि पत्र्यात असतं काय? पहिल्या यील्डनंतर फार तर आठवा हिस्सा ताकद. त्यापुढे वजन वाढो न वाढो, वाक वाढतच जातो.

चाचा फडक्याने टेबलावर पडलेला चुना पुसत होते. उंदीर चुना पाडतात, रोजचंच आहे, म्हणाले. मी स्टुलावर चढले, बॅटरी मारली. खालच्या पट्टीवरचा चुना मध्यभागी पार सुटलेला, आणि त्याच्या वर पत्र्यात चार बोटं तिरप्या बारीक रेघा. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तुळईला मुद्दाम चुना फासायचो. लोखंड यील्ड झालं की तिथला चुना तडकून गळतो. कुठवर पोचलं ते दिसतं. इथे ते पट्टी ओलांडून पत्र्यात शिरलं होतं.

तेवढ्यात दारात मालाची आणखी एक गाडी लागली. पहिला हमाल पाठीवर रिमा घेऊन जिन्याला लागलासुद्धा. सरांनी एकदाच वर पाहिलं. मग कधी नव्हे ते धावत जाऊन जिन्यात आडवे उभे राहिले.

"एक रीमही वर जाणार नाही."

आधी टेकू लावले, मग माल उतरवला, मधला आधी. माळा रिकामा झाला तरी गर्डर पुरता सरळ झाला नाही. यील्ड झालेलं परत येत नाही, आणि चुना गळत होता तो उंदरांनी नाही, त्यामुळेच, असं मी चाचांना सांगितलं. टेबलावर पुन्हा थोडा चुना पडला होता. सवयीने त्यांनी फडकं उचललं, आणि हात तसाच राहिला.

"बाई," ते म्हणाले, "म्हणजे दिवाळीपासून रोज सकाळी मी हेच झाडून टाकत होतो."