नुरा कुस्ती आणि माझं लाल तोंड

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक बाई मला माझीच रेघ दाखवत होती.

बाई म्हणजे माझी चुलत सून, पुतण्याची बायको. आष्ट्यात खताच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. तिथनं दोघं कुस्तीचं चॅनेल चालवायची. पुतण्या मैदानात कॅमेरा धरायचा. ही पोरगी खोलीत बसून ते चित्रण कापायची, जोडायची, नाव द्यायची आणि फोनवर सोडायची. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. तालमीत मात्र चाळीस वर्षं वस्ताद म्हणून काढली, आणि आमच्या भागातल्या मैदानांवर पंच म्हणून उभा राहिलो. मी हात वर केला की कुस्ती संपली. त्यावर कुणी दोनदा बोललं नाही.

म्हणून पुतण्या म्हणाला, आबा, तुमी डाव समजावून सांगा, आम्ही दाखवतो. मी घिस्सा सांगितला. नीट सांगितला. आधी पाय कुठं, मग गुडघा कुठं, मग कोपर कुठं. बारा मिनिटं लागली. घिस्सा बारा मिनिटांत सांगणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

आठ दिवसांनी सुनेनं मला खोलीत बोलावलं. चहा दिला आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. त्यावर एक रेघ होती. डाव्या अंगाला उंच आणि तिथनं पुढं विहिरीत पडल्यागत खाली.

"हे काय?"

"हे बघणारं लोक, आबा. व्हिडिओ चालू झाला तवा एवढं हुतं. तुमी पाय कुठं ठेवायचा म्हणालासा, तवा एवढं राहिलं. गुडघ्याला आलासा तवा निम्मं गेलं."

"आणि कोपराला?"

"कोपर कुणी बघितलंच न्हाई."

मी म्हणालो, रेघ चुकीची आहे. ती म्हणाली, रेघ चुकत नाही. मग तिनं बोट ठेवलं. खाली पडलेल्या रेघेला मधेच एक टेंगूळ आलं होतं. तिथं काही लोक मागं जाऊन तेवढंच पुन्हा बघत होते.

"इथं तुमी काय म्हणालासा, ठावं हाय? 'आजकालची पोरं दूध पीत न्हाईत, फोन पित्यात.'"

बारा मिनिटांतलं तेवढं एक वाक्य. ते मी खोकला आला म्हणून मधे टाकलं होतं.

पोरीनं मला धंदा समजावून सांगितला. समजवायची तिची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती, हे कबूल करायला मला आठ महिने लागले. लोकांच्या फोनवर आधी येतं ते चित्र आणि नाव. त्यावर किती जणांनी बोट ठेवलं, हे चॅनेलवाल्या कंपनीचं मशीन बघतं. बोट ठेवून किती वेळ थांबले, तेही बघतं. थांबले तर मशीन आणखी लोकांपुढं टाकतं. उठून गेले तर ते तुम्हाला कोपऱ्यात बसवतं. ओरडत नाही, शिव्या देत नाही, नुसतं बोलवत नाही.

"म्हंजे भावकीगत," मी म्हणालो.

"तसंच. आता तुमी एक करा. डाव सांगू नका. चिडा."

चिडायला मला शिकावं लागत नाही. पुढच्या व्हिडिओत मी चिडलो. मातीवर चिडलो, मॅटवर चिडलो, हलगी बेसूर वाजवणाऱ्यावर चिडलो. चित्रावर माझं तोंड, त्याला सुनेनं आणखी लाल केलेलं, आणि खाली "वस्ताद भडकले". आकडा लाखावर गेला. मिरजेच्या दवाखान्यात डोळे दाखवायला गेलो तर ओळीत बसलेला एक माणूस म्हणाला, "आवं, तुमी ते भडकणारं का?" मी व्हय म्हणालो, आणि खरं सांगतो, छाती चार बोटं वर आली. घरी आल्यावर म्हातारी म्हणाली, डोळ्याचं काय सांगितलं? ते मी विचारायचंच विसरलो होतो.

पुढं मला सवयच लागली. सकाळी देवाला हात जोडायच्या आधी मी आकडा बघायचो. कमी भरला तर दिवसभर घरच्यांवर चिडायचो, ते कुणी बघतही नव्हतं आणि मोजतही नव्हतं.

मग ती कुस्ती झाली.

कडेगावचा एक पैलवान, चोवीस वर्षांचा. त्याच्या समोर सोलापूरकडचा एक गडी, ह्याच्यापेक्षा अंगानं दीडपट. अर्ध्या तासावर कुस्ती चालली. शेवटी दोघं एकमेकांचे हात धरून नुसते उभे. दिवस मावळला, तशी मी बरोबरीत सोडवली. पंच मीच होतो. मैदानात थोडी कुरकुर झाली, होतेच.

दोन दिवसांनी खोलीत कॅमेऱ्यापुढं मी त्याच कुस्तीवर चिडलो. म्हणालो, "अर्धा तास हात धरून उभी राहिली पोरं. बघणाऱ्याला वाटंल, ही नुरा हाय. नुरा न्हवती ती. दीडपट गडी अंगावर घेऊन दम संपलावता पोराचा. दम वाढवा, म्हंजे लोकांच्या तोंडाला कुलूप."

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, नुरावाला म्हटलेलं नाही. ज्याला ते नाव लागलं, त्याला कुठलीही यात्रा कमिटी कुस्ती लावून देत नाही.

सुनेनं ते कापलं. मी समजवायला लागलो की रेघ पडते, हे तिला आता पाठ होतं. म्हणून समजवलेलं सगळं तिनं सवयीच्या हातानं काढून टाकलं. राहिलं ते, "अर्धा तास हात धरून उभी राहिली पोरं. ही नुरा हाय." वर नाव दिलं, "कडेगावच्या पैलवानानं नुरा केली? वस्ताद भडकले".

सोडायच्या आधी तिनं मला दाखवलं होतं. हे मी लपवत नाही. मी चित्र बघितलं, तोंड किती लाल आलंय ते बघितलं, आणि "झकास, सोड" म्हणालो. व्हिडिओ पुरता बघितलाच नाही. मधेच उठलो. माझ्याच व्हिडिओत मीही त्या विहिरीत पडणाऱ्या रेघेतला एक निघालो.

तिसऱ्या दिवशी पैलवानाचा फोन आला.

"वस्ताद, मी नुरा केली?"

"कोण म्हणतंय?"

"तुमी म्हणताय. माझ्या आईनं बघितलं. गावानं बघितलं." मग म्हणाला, "यात्रंत माझी पयल्या नंबरची कुस्ती हुती. कमिटीनं काढली. लोक दगड मारत्याल म्हणाली. वरीसभर त्या एका कुस्तीसाठी मेहनत करत हुतो, वस्ताद."

फोन त्यानंच ठेवला. मी तसाच उठून आष्ट्याला गेलो.

सून बसलेली होती. तिलाही कळलं होतं. डोळे सुजलेले होते, पण हात लॅपटॉपवरच.

"काढून टाक तो," मी म्हणालो.

"सकाळीच काढला. पर त्यातला तुकडा दुसऱ्यांनी उचललाय. धा जागी फिरतोय. त्यो माझ्या हातात न्हाई, आबा."

"मग खरं काय ते सांगू."

"खुलासा?" तिनं मला एक जुना खुलासा दाखवला. एका मैदानाची तारीख चुकली होती, तेव्हा घातलेला. चुकीची तारीख हजारोंनी बघितली होती. खुलासा बघणारे आमच्या घरातल्या माणसांपेक्षा थोडेच जास्त. "खुलाशाला कोण येतंय, आबा? भांडणाला येत्यात."

"मग भांडण देऊ. माझ्या तोंडाला लोक येत्यात का न्हाई?"

"येत्यात."

"भडकलं की थांबत्यात?"

"थांबत्यात."

"मग ह्या खेपंला वस्ताद वस्तादावर भडकणार."

ती म्हणाली, "तुमची अब्रू जाईल की वो."

"त्या पोराची मी न्हाई का घालवली? आणि ती कुस्ती सोडवली कुणी? नुरा असंल तर पयला चोर पंच. हे एवढ्या लाख लोकांत एकालाबी सुचलं न्हाई."

"तुमाला तरी कुठं सुचलं हुतं?" सून म्हणाली. सूनच ती.

मग आम्ही दोघांनी ते रचलं. ती म्हणाली, खरी गोष्ट शेवटी ठेवायची नाही, शेवटापर्यंत कुणी येत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटातच गेली पाहिजे. पाय, गुडघा, कोपर असं नाही, आधी कोपर. नाव काय द्यायचं यावर तासभर वाद झाला. तिला "वस्ताद खोटे ठरले?" पाहिजे होतं. मी म्हणालो, "प्रश्नचिन्ह काढ. ते मागं लपायला असतंय." शेवटी नाव पडलं, "वस्तादानं तोंडात शेण खाल्लं".

कॅमेरा चालू झाला. मागच्या कुठल्याच खेपेला मी इतका खरा भडकलो नव्हतो. "नुरा कुणी केली? ती कुस्ती मी सोडवली. पंच मी. नुरा असंल तर मला धरा. नुरा न्हवती. दमलेलं पोरगं हुतं, आणि अर्धं वाक्य सोडणारा हा म्हातारा." त्यापुढं तिनं अख्खी कुस्ती लावली, एकही तुकडा न कापता. मी मधे मधे दाखवत गेलो, इथं बघा, इथं हात सुटला, इथं दम लागला.

आकडा पहिल्याएवढा गेला नाही. शिवी जेवढी पळते, तेवढी कबुली पळत नाही, वाहन कुठलंही द्या. पण गेला. खाली लोकांनी लिहिलं, म्हातारा भारी हाय. काहींनी लिहिलं, म्हातारा भंगार हाय. सून म्हणाली, दोन्ही चालतं, मशीनला दोन्ही सारखंच. आणि एक गंमत. रेघेत एक टेंगूळ होतं, कुस्तीच्या मधोमध. मी घिस्सा कुठं हुकला ते सांगत होतो. कोपरासकट.

संध्याकाळी यात्रा कमिटीच्या अध्यक्षाचा फोन आला. "वस्ताद, पोराची कुस्ती परत लावलीया. पयल्या नंबरला."

"बरं झालं."

"आणि... पंच ह्या खेपंला दुसरा घेतलाय आम्ही. राग मानू नका."

चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "राग कशाला?" मानला होता. पण म्हणालो.

पैलवानाचा फोन काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन घरी ठेवून मी पहिल्या एसटीनं कडेगावला गेलो. तालमीत तो एकटाच होता, आणि आखाड्याच्या हौद्यातली माती खणायला घेतली होती. मला बघून थांबला. माती खणणं हे शिकणाऱ्याचं काम, वस्तादानं नुसतं कडंला बसायचं असतं. मी सदरा काढून खुंटीला टांगला, त्याच्या हातातलं खोरं घेतलं आणि पलीकडच्या कोपऱ्यापासून खणायला लागलो.