कानसेनांना ऐकू न आलेली खरखर

आमच्या नाटक मंडळीत चाळीस वर्षं ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाला आम्ही कानसेन म्हणायचो. हजार माणसांच्या टाळ्यांतही कुठल्या कर्ण्याची तार सैल झालीय, हे तो बसल्या जागी सांगे. राजे आम्ही झालो, हार आम्ही घातले. पण आमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेला तो त्याने. त्याची बायको आमची प्रॉम्प्टर. विंगेतून पडलेल्या तिच्या एका शब्दावर मी कितीदा बुडता बुडता तरलो, त्याची गणती नाही.

तिच्या घशात गाठ निघाली. सोमवारी सकाळी स्वरयंत्र काढायचं ठरलं. इस्पितळातल्या बाईंनी दीडशे वाक्यांची यादी दिली. ती तिच्या आवाजात स्वच्छ रेकॉर्ड झाली, तर त्यावरून कॉम्प्युटर तिचा आवाज तयार करणार होता. मग ती टाइप करील आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलेल.

"माइक माझ्या हातात असताना काळजी कसली?" कानसेन म्हणाला.

लेकीने नवा माइक आणि तो कॉम्प्युटरला जोडायचा छोटा डबा, इंटरफेस, आणून दिला होता. त्याने नवा माइक खोक्यातच ठेवला. "असल्या माइकला डब्यातून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात, तेव्हा कुठे तो तोंड उघडतो. लाडावलेला जावई! माझा बघ, काही मागत नाही." असं म्हणून त्याने रंगमंचावरचा जुना माइक लावला. शिवाय डब्यावरचं गेनचं, म्हणजे माइकने आवाज किती उचलायचा त्याचं, बटणही खाली ठेवलं. गेन वाढवला की कर्णे शिटी मारतात, ही धास्ती हाडात मुरलेली. खोलीत कर्णा नव्हताच, पण हात ऐकेना.

तीन दिवस ती कुजबुजत्या आवाजात वाचत होती. रोज संध्याकाळी तो ते कॉम्प्युटरवर मोठं करून मला ऐकवायचा. "काय राजे, कसं?" मी म्हणायचो, "झकास!" दोन म्हातारे, एकमेकांना शाबासकी देत बसलो होतो.

रविवारी सकाळी लेक आली. तिने हेडफोन लावला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, ही खरखर?"

"कसली खरखर?"

"आईच्या प्रत्येक शब्दामागे. कढईत काहीतरी तळत असल्यासारखी. काका, तुम्हाला ऐकू येते ना?"

मी हेडफोन लावला. मला तिच्या आईचा आवाज ऐकू आला, बाकी काही नाही. वय झालं की बारीक, उंच सूर आधी जातात, हे कानसेननेच मला कधीतरी सांगितलं होतं. त्याचे स्वतःचे कधी गेले, ते मात्र त्याला कळलं नव्हतं.

"सगळी वाक्यं नाकारलीत यंत्राने," लेक म्हणाली. "मुळात आवाज इवलासा घेतलात, मग नंतर वाढवला. त्याबरोबर डब्याची खरखरही वाढली."

पलीकडे त्याची बायको बसली होती, तिने डोळे मिटले.

मग नवा माइक निघाला. लेकीने गेन आणि हेडफोनचा आवाज शून्यावर आणला, केबल जोडली, मग अठ्ठेचाळीसचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. क्षणभर थांबली. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. "आई, वाचशील तशीच बोल." आई बोलली, तसा लेकीने गेन हळूहळू वर नेला, जोरातले शब्द स्क्रीनवरच्या पट्टीत उणे बारा डेसिबलच्या आसपास पोचेपर्यंत. "कानांनी नको, बाबा. ह्या पट्टीकडे बघा. लाल झाली तर सांगा."

चाळीस वर्षं कानांवर जगलेला माणूस स्क्रीनला नाक लावून बसला. खरखर गेली, असं लेक म्हणाली. आम्ही दोघांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पण तीन दिवसांत घसा झिजला होता. एकेचाळिसाव्या वाक्यानंतर नुसती हवा आली. दुपारभर थांबलो, गरम पाणी दिलं. पुन्हा हवाच.

"अहो, राहू द्या," तिने ओठांनी म्हटलं.

एकेचाळीस वाक्यांत यंत्राला आवाज घडवता येत नाही. लेकीने त्यांची एकेक बटणं करून टॅबलेटवर लावली. "पाणी हवंय." "पाय दुखतोय." "कोण आलंय?" वाक्यं स्वच्छ आहेत, इस्पितळातल्या बाईंनी खास कौतुक केलं. ऑपरेशन झाल्यापासून बाकीचं ती पाटीवर लिहिते, पण कानसेनला चष्म्यानेही नीट वाचता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी गेलो होतो. तो माझ्यादेखतच तिला म्हणाला, "खरं सांग, रागावलीस ना माझ्यावर?"

तिने टॅबलेट घेतला. बटणांवरून बोट फिरवत राहिली, एकदा वरून खाली, पुन्हा खालून वर. मग एक दाबलं.

"दार लावून घ्या," तिचा आवाज म्हणाला.

दार लावलेलंच होतं. तो उठला, ते उघडलं आणि पुन्हा लावून आला.