दळण झाल्याचा निरोप

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे माझ्या अभ्यासातलं पप्पांना फारसं कळायचं नाही, पण त्यात त्यांचा सहभाग मात्र पुरेपूर असायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सरांनी सांगितलं होतं, "ॲपचं नंतर बघू. आधी दुकानदारांशी बोला, त्यांची रोजची एक खरी अडचण शोधून आणा." आढाव्यापर्यंत ती सापडली नाही, तर मला दुसऱ्या गटाच्या हजेरीच्या ॲपमध्ये घालणार होते. हजेरीची ॲप आमच्या वर्गात उदंड झाली होती. मला माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. पण अनोळखी दुकानाची पायरी चढायची म्हटलं की मी बाहेरूनच परत फिरायची.

"मी येतो की," पप्पा म्हणाले. "गुरुवारी कंपनीला सुट्टीच हाय."

पप्पा लातूरकडून कंपनीतल्या नोकरीसाठी कुरुळीत आले त्याला बरीच वर्षं झालीत. इथल्या प्रत्येक दुकानदाराला ते ओळखतात. हार्डवेअरच्या दुकानात मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली, "शेठ, ही माझी लेक. आकुर्डीला इंजिनिअरिंगला हाय. तुमच्यासाठी ॲप बनवायलीय. काय अडचण असंल ती सांगा, लाजू नका."

शेठ हसले. "आपल्याला कसली अडचण, भाऊ? बसा, चहा सांगतो."

मी घाबरत विचारलं, "ॲप बनवलं तर वापराल का?"

"म्हणजे काय! पहिला मीच."

मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, तू फक्त बनव." चपलांच्या दुकानातल्या मावशींनी तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आशीर्वादच दिला. संध्याकाळी घरी येताना माझं पोट चहानं भरलं होतं. पप्पा खुशीत होते. "बघ, सगळे तयार हायत."

सरांनी माझी टिपणं वाचली आणि ती शांतपणे परत दिली. "ही माणसं तुझ्याशी बोललीच नाहीत, वडिलांशी बोललीत. कौतुक म्हणजे उत्तर नव्हे. वापराल का, असं विचारूच नकोस. मागच्या खेपेला नेमकं काय झालं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत, ते विचार." मग म्हणाले, "आणि वडिलांना या वेळी घरी राहू दे."

हे पप्पांना सांगणं दुकानात बोलण्यापेक्षा अवघड होतं. पुढच्या गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

"पप्पा, आज मी एकटी जाते."

"माझ्यामुळं लोक बोलंनात व्हय?"

"बोलतात की. पण गोडच बोलतात. तुमच्यासमोर तुमच्या लेकीला नाही कोण म्हणेल?"

त्यांनी चपला काढल्या आणि पुन्हा आत येऊन बसले. माझा पाय उंबऱ्यातून निघेना. मग तेच म्हणाले, "बरं. जाता जाता दळण टाक. रिकाम्या हातानं कशाला जायाचं?"

म्हणून मी गिरणीत गेले. तोवर गिरणी माझ्या यादीतही नव्हती. गिरणीवाले काका मूळचे इथलेच. शेती कंपन्यांत गेली, खोल्या बांधल्या, भाड्यानं दिल्या, पण गिरणी त्यांनी सोडली नाही. भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले काका गोणपाटावर बसून होते.

"काका, धंद्यात काही त्रास?"

"न्हाई."

मी डबा ठेवला आणि तिथंच बसून राहिले. मशीन धडधडत होतं. एक बाई आली, दारातून ओरडली, "झालं का ओ?" काकांनी हातानंच नाही म्हटलं. ती गेली. दुसरी आली, तीही तशीच गेली. मग कंपनीच्या बसमधून उतरलेला एकजण आला, पिशवी घडी करून परत निघाला. मग पहिली बाई पुन्हा डोकावून गेली.

मशीन थांबल्यावर मी विचारलं, "आत्ता गेल्या त्या बाई मघाशीपण आल्या होत्या ना?"

"व्हय. ज्वारी हाय तिची. आदी गव्हाची दळणं काढायची, मग समदी ज्वारी एकदम लावायची. सारकं बदललं तर एकाचं पीठ दुसऱ्यात जातं, मग बाया मलाच पिठात घालत्यात. कवा नंबर लागंल, मी तरी कसं सांगू?"

"मग फोन नाही करत त्यांना?"

"केलता की. आवाजात काय ऐकू येतंय? आन् हात असं." त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. "आता झालेलं डबं भायेर पायरीवर ठिवतो. समोरच्या इमारतीतल्या बाया गॅलरीतनं बघत्यात. लांबच्यांनी काय करायचं? मारत्यात चकरा."

हा त्रास नव्हे, हे रोजचंच, असं त्यांचं म्हणणं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र रिकाम्या हातानं परत गेलेला तो माणूस होता.

सर म्हणाले, "कोड लिहू नकोस. आधी हातानं करून बघ." म्हणून रोज कॉलेजवरून आले की मी गिरणीत बसायला लागले. ज्यांनी फोन नंबर दिले त्यांच्या डब्यांवर आकडे चिकटवले. डबा भरला की काका आकडा ओरडायचे आणि मी निरोप पाठवायची, 'दळण झालं.' माझ्या बोलण्यातली भीड कधी गेली, कळलंच नाही. मशीनच्या आवाजात हळू बोलून चालतच नव्हतं. बाया म्हणायच्या, "पोरगी हुशार हो!" मी हसायची, पण टिपणात लिहायची नाही. सरांनी डोक्यात भरवलं होतं, गोड शब्द मोजायचे नाहीत.

आढाव्याच्या आदल्या दिवशी आकुर्डीला प्रॅक्टिकल लांबलं. बसमध्ये असतानाच काकांचा फोन आला. मागे नेहमीची धडधड, तरी ते ओरडत होते. "कुटं हायस पोरी? बाया माझ्या डोक्यावर बसल्यात! निरोप आला न्हाई, निरोप आला न्हाई! जमत नव्हतं तर सवय कशाला लावली?"

मी "सॉरी काका" म्हणत होते आणि खिडकीकडे तोंड करून हसत होते. हे गोड शब्द नव्हते; हे मोजता येणार होतं.

घरी पोचले तर पप्पा नुकतेच आलेले, खांद्यावर रिकामी पिशवी. त्या सकाळी आईनं ज्वारी टाकली होती.

"काय गं, निरोप नाही, काही नाही! वाटलं, दळण झालं असंल, फाट्यावरनं सरळ गिरणीत गेलो. काका म्हणतेत, ज्वारी लावलीच नाही अजून. वाट बघत उभा राहिलो फुकट. असं असतं का काम? लोक भरवसा ठेवतेत तुझ्यावर."

एवढं रागावून ते माझ्या अभ्यासाबद्दल कधीच बोलले नव्हते. मी पिशवी खांद्यावरून काढून घेतली आणि दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला.

"आता हसायला काय झालं?"

"काही नाही. अजून रागवा."

दुसऱ्या दिवशी आढाव्यात मी काकांचा फोन सांगितला, मग पप्पांचं सांगितलं. सरांनी भुवया उंचावल्या. "वडील? परत कौतुक?"

"नाही सर. चिडले होते."

"मग धरू." त्यांनी विषय मंजूर केला. वर विचारलं, पिठाच्या हातानं काका ॲपचं बटण कसं दाबणार? मोठे आकडे, वर प्लास्टिकचं कव्हर, मनगटानं दाबता येईल असं काहीतरी, एवढंच मी सांगितलं. "करून बघ," ते म्हणाले.

पप्पांना विषय मंजूर झाल्याचं सांगितलं, तेव्हा ते जेवत होते. "होणारच होता," ते म्हणाले. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून थोडा विचार केला. "पण ते बाजरीचं वेगळं दाखव बरं का. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, लोक थोडंथोडंच दळतेत. त्यांना घाई असती. तेवढं नसंल तर मी तुझं ॲप वापरणार नाही, सांगून ठेवतो."

मी वही आणायला उठले.