भांडणात तू कुठे होतीस?

आम्ही दोघांनी शेवटचं काम केलं ते ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलायचं. खरं तर सोलत मीच होतो. बायको सिल्वासात, मास्तरीण होऊ पाहणाऱ्या पोरींना शिकवायची. तिच्या मांडीवर एका पोरीचा निबंध होता. तिच्या गटानं राखोलीच्या शाळेत सरावाचा पाठ घेतला, त्यात भांडण झालं, त्यावर लिहिलेला. पोरींच्या निबंधांकडे द्यायची एवढं ध्यान ती माझ्या बोलण्याकडे कधी देत नसे. मी जळायचो.

“छान लिहिलंय की. देऊन टाक मार्क.”

“अहो, बाकीच्यांच्या चुका लिहिल्यात. सगळ्यांनी केलेले तक्ते हिनं कुणाला न विचारता बदलले, तिथूनच भांडण पेटलं. मी तिथंच होते. ते कुठंय?”

तिनं कडेला लिहिलं, ‘भांडणात तू कुठे होतीस? पुन्हा लिही.’ मार्क दिले नाहीत.

त्या रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी ती निबंधवाली पोर रडत दारात आली. बायकोचं शेवटचं अक्षर, तेही हिच्याच वाट्याला! कागद लपवावासा वाटला. पण आत जाऊन आणला, तिच्या हातात दिला.

“बाईंनी मार्क दिले नाहीत,” मी म्हणालो. “रडणं पुरे. आधी खरं लिही.”