त्याच तीन वर्षांतली तीन कामं

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला होते तेव्हाची गोष्ट. यंत्रावरून उतरलेले सुटे भाग मोजायचे, मापात नसतील ते बाजूला काढायचे, हे माझं काम. पहिली पाळी असायची. भल्या सकाळी सिडकोच्या चौकात कंपनीची बस पकडायची आणि दुपार कलली की परतायचं. संध्याकाळी मी एका टायपिंग क्लासमध्ये मुलींना मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि संगणक शिकवायचे. क्लास एका बाईंचा होता; सगळ्या मुली त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायच्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं अर्धं मराठीत, अर्धं दखनीत. शिवाय डिप्लोमानंतर दूरशिक्षणातून व्यवस्थापनाची पदवीही चालू होती. रविवारी संपर्क वर्ग आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा.

गावी, पिशोरला, घरी गेले की वडील म्हणायचे, "लई झालं की पोरी. एक धर, एक सोड." आई म्हणायची, "तिला झेपतंय तर करू द्या." मला झेपत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. क्लासमधल्या मुली गमतीच्या होत्या आणि पदवीचा अभ्यास मला शाळेपेक्षा सोपा जात होता.

तीन वर्षांनी पदवी हातात आली आणि शेंद्र्यातच एका मोठ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात वरची जागा निघाली. मी बायोडाटा टाइप करायला बसले. नोकरी, क्लास, पदवी अशा तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि पाहिलं, तर तिन्हींपुढे तीच वर्षं.

सिडकोत मी भाड्याच्या खोलीत राहायचे; शेजारच्या खोलीतली मैत्रीण बँकेत होती. ती वाचून म्हणाली, "हे बघून त्यांना वाटेल, तू काहीतरी खोटं लिहिलंयस. क्लास काढून टाक, नाहीतर पदवीची वर्षं जरा पुढं सरकव."

"पदवीच्या गुणपत्रिकेवर वर्ष छापलंय," मी म्हटलं. "कंपनीच्या अनुभवपत्रावरही तारखा येतील. सरकवून सरकवून किती सरकवू?"

"मग क्लास तरी काढ."

तेही जमेना. नव्या जागेवर नव्या मुलांना मोजमाप शिकवणं हेही काम होतं, आणि शिकवण्याचा माझा अनुभव तर क्लासमधलाच. मी सगळं तसंच ठेवलं, पण पुढं काहीच खुलासा न लिहिता. ती चूक मुलाखतीत कळली.

मुलाखतीला दोघं होती. मनुष्यबळ विभागाच्या एक मॅडम आणि कारखान्याचे गुणवत्ता प्रमुख. साहेब निवांत चहा पीत होते. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि तिन्ही ओळींच्या वर्षांवरून वरून खाली एक रेघ ओढली.

"या तीन वर्षांत तुम्ही नक्की कुठं होता?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही ठिकाणी होते मॅडम."

साहेबांनी कप खाली ठेवला. मॅडमचा चेहरा मात्र तसाच राहिला. "पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ कॉलेज एकत्र असेल तर हजेरी कुठं तरी कमी भरते. आम्हाला ते विचारावंच लागतं. कॉलेज नियमित होतं का?"

"नाही, दूरशिक्षण. रविवारी वर्ग. परीक्षेसाठी मी माझी रजा घ्यायचे."

"आणि क्लास?"

"अर्धवेळ. रोज संध्याकाळी, पाळी सुटल्यावर."

मी त्यांच्याकडून एक कोरा कागद मागितला. त्यावर आडवी पट्टी काढली. सकाळी बस, दुपारपर्यंत पाळी, मग परतीची बस, संध्याकाळी क्लास. रविवारचा चौकोन वेगळा काढला आणि त्यात लिहिलं, 'अभ्यास'. कुठंही दोन कामं एकमेकांवर चढत नव्हती. वर्षं एकच होती, पण तास वेगळे होते.

साहेब वाकून बघत म्हणाले, "झोप कुठं आहे यात?"

"जाताना आणि येताना, बसमध्ये. ड्रायव्हर काका कारखान्याच्या फाटकापाशी मोठ्यानं हॉर्न वाजवायचे."

ते हसले. मॅडमही किंचित हसल्या, पण त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. "आत्ताच्या कंपनीच्या नेमणूकपत्रात असेल की, लेखी परवानगीशिवाय दुसरीकडं काम करायचं नाही. त्यांना माहीत होतं का?"

हा प्रश्न येईल असं वाटलंच होतं. क्लासमध्ये शिकवायला लागण्याआधी मी आमच्या व्यवस्थापकांकडं अर्ज केला होता. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग सही केली. अट इतकीच की, पाळीला उशीर नको आणि क्लासचं काम कंपनीच्या संगणकावर नको. त्या पत्राची प्रत मी फायलीतून काढून दिली. मॅडमनी ती नीट वाचली आणि माझ्याकडं सरकवली.

"हे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मी विचारेपर्यंत हे मला कळायचं कसं? ज्यांना विचारायला वेळ नसतो, ते असा कागद सरळ बाजूला ठेवतात."

मग त्यांनी पेन्सिलीनं माझ्याच बायोडाटावर लिहून दाखवलं. नोकरीपुढे 'पूर्णवेळ, पहिली पाळी'. क्लासपुढे 'अर्धवेळ, संध्याकाळी, कंपनीच्या लेखी परवानगीने'. पदवीपुढे 'दूरशिक्षण'. नुसत्या वर्षांच्या जागी महिनेही टाकायला सांगितले. तीन ओळींत जेमतेम दहा-बारा शब्द वाढले, आणि तोच कागद मलाही खरा वाटायला लागला. नवी प्रत मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

आठवड्याभरानं संध्याकाळी क्लासला गेले, तर आपा खुर्चीत सरसावून बसल्या होत्या.

"तेरे नए वालों का फोन आया था," त्या म्हणाल्या.

"काय विचारलं?"

"कब से कब तक थी, पूरा दिन आती थी क्या. मैं बोली, पूरा दिन काहे को? दिन में कंपनी, शाम को हमारे पास. फिर पूछे, काम कैसा." इथं त्या मुद्दाम थांबल्या.

"मग?"

"बोल दी मैं. लडकियाँ उससे डरती भी हैं और उसके बगैर टाइप भी नहीं करतीं."

मागं बसलेल्या मुली खुसुखुसु हसल्या. मी म्हटलं, "आपा, हे असं सांगतात का?"

"सच पूछे, सच बोली," म्हणत त्यांनी चष्मा वर सारला.

चार दिवसांनी नेमणूकपत्र आलं. नव्या कामाची वेळ सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळी उशिरा संपणारी होती, म्हणजे क्लास सुटणार होता. मी मॅडमना फोन करून विचारलं, "रविवारी सकाळी शिकवायची परवानगी मिळेल का?"

"आधी अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "काम आमच्या धंद्याशी संबंधित नाही आणि सुट्टीच्या दिवशी आहे, हे त्यात लिहा. मग साहेब ठरवतील." साहेबांनी परवानगी दिली. तोवर आपांनी रविवारची तुकडी परस्पर जाहीरही करून टाकली होती, दारावर पाटी लावून.

ही बातमी सांगायला मी पिशोरला गेले. वडील ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं, पेन्सिलीच्या रेघेसकट.

"म्हंजी आता दोनच कामं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग रविवारी गावाकडं कधी येशील?"

मी एक कणीस उचलून सोलायला घेतलं. आई आतून म्हणाली, "दुपारच्या गाडीनं येईल की," आणि ते तसंच ठरलं.