एक पळी तर्री

बोरगावच्या कारखान्यातल्या कॅन्टीनवर देवकाबाई लागली, त्याला मार्चात वर्ष होणार होतं. हे वर्ष उमेदवारीचं. आता श्रीधरने मूल्यांकनाचा कागद भरायचा आणि त्यावरून ठरायचं, बाई कायम की बाई घरी. नवरा गेल्यावर दोन पोरी घेऊन सौसरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला घरी बसणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

श्रीधर कार्मिक विभागातला बाबू. माणूस वाईट नाही, पण छापील कागदावर त्याची भारी श्रद्धा. कागदाला चार रकाने होते: अन्नाचा दर्जा, स्वच्छता, खर्चावर ताबा, तक्रारींची दखल. एकेकाला दहा गुण. एकाही रकान्यात चारच्या खाली गेलं, की कायम होणं बंद.

स्वच्छतेत बोट ठेवायला जागा नव्हती. पाण्याची टाकी कधी धुतली ते भिंतीवर खडूने लिहिलेलं, भाजीच्या पितळी गंजांना कल्हई, वाढणाऱ्यांची नखं कापलेली. इथे नऊ. खर्चही ठरलेल्या मर्यादेच्या आत. इथे आठ. दर्जाला त्याने पाच लिहिले, तेही जड हाताने. तक्रारवही उघडली तेव्हा मात्र तो थबकला. सात महिन्यांपूर्वीची पहिलीच ओळ: "भाजीला पूर्वीसारखी तर्री राहिलेली नाही." खाली आणखी दोघांनी तेच लिहिलं होतं. काय उपाय केला, तो रकाना तिन्ही वेळा कोरा. श्रीधरने पेन्सिलीने तीन गुण लिहिले. पहिल्या ओळीखालची सही त्याचीच होती, म्हणून त्याला जास्तच राग आला. आपण लिहितो आणि ही बाई ढुंकूनही पाहत नाही!

पेन फिरवण्याआधी एकदा बाईला विचारावं, म्हणून तो पाऊण वाजता कॅन्टीनमध्ये गेला. ऑफिसची पंगत बाराला बसते, त्यामुळे या वेळी तो तिकडे कधी फिरकलाच नव्हता. आता कामगारांची पंगत बसली होती, शंभरावर माणूस. देवकाबाई गंजाजवळ उभी. शेजारी एका लहान पातेल्यात वरची लालभडक तर्री काढून ठेवलेली. ती प्रत्येक ताटात भाजी वाढायची आणि वरून मोजून एक पळी तर्री सोडायची. सगळ्यांना सारखी.

"हे काय करून राहिल्या तुम्ही?" श्रीधरने विचारलं.

"वाढून राहिली, साहेब."

"तर्री वेगळी काऊन काढली?"

तिने एका ताटात पळी रिकामी केली, मगच मान वर केली. "पहिले ऑफिसवाल्यांच्या ताटात वरची सगळी तर्री जाये. या लोकायच्या वाट्याले पानी उरे. हे लोक बोलत नाईत, साहेब. ताटात टाकून उठून जायचे. रोज दोन बादल्या खरकटं. मी ते बादली पाहून समजली. आता अर्धी बादलीबी भरत नाई."

लोखंड तापवून आलेली माणसं पोळीच्या तुकड्याने ताट पुसून खात होती. रामाजी फिटर हसून म्हणाला, "बसा न साहेब, आज वांग्याची आहे." श्रीधर बसला. जेवला. भाजी बाराच्याच भाजीसारखी होती, तिखट आणि खमंग. आपण सात महिने हीच भाजी खाऊन नाक मुरडत होतो, या विचाराने त्याला भलतीच लाज वाटली. तक्रारवही टांगली होती ऑफिसवाल्यांच्या टेबलापाशी. तिथवर यायची रामाजीची काय बिशाद!

पंगत उठल्यावर त्याने तिथेच कागद काढला. तीन खोडून आठ केले, पाचाचेही आठ केले. शेऱ्यात लिहिलं, 'उष्टं घटलं, त्यानेच खर्च आटोक्यात आला. वहीतली पहिली तक्रार माझी; ती चुकीची होती.' मग सगळं तिला वाचून दाखवलं. "वहीत उत्तर काऊन नाई लिहिलं, देवकाबाई? एवढं सांगितलं असतं तर!"

"काय लिहू? साहेब लोकांच्या ताटातली तर्री काढून मजुराले देल्ली म्हून लिहू?" तिचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "तुमी तक्रार लिहिली त्या दिवसापासून रोज वाटे, उद्या कामावरून जवाब भेटते. दोनदा तर आधीसारखं वाढाले घेतलं होतं मी, साहेब. मंग हे लोक समोर बसले का हात उठेना."

श्रीधरने पेनाला टोपण लावलं.

तिने पदराने तोंड पुसलं. "एक इचारू? ते तक्रार लिहाले तुमाले किती वेळ लागला?"

श्रीधरला आठवलं. हात धुतले होते, पान यायचं होतं, आणि वही समोर टांगलेली होती.

"मिनिटभर," तो म्हणाला.

"मले सात महिने झोप नाई," देवकाबाई म्हणाली, आणि गंज घासायला नळावर घेऊन गेली.