हेडरमधला फोन नंबर

नागभीडला माझे सायबर कॅफे होते, तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेली एक मुलगी रोज नोकरीचे अर्ज भरायला येई. वर्डमधला फुकटचा साधा रेझ्युमे तिला पुरला असता. पण ‘तो तर सगळेच पाठवतेत’ असे सांगून मी शंभर रुपयांचे, दोन रकान्यांचे रंगीत टेम्प्लेट तिच्या गळ्यात बांधले.

चाळीस अर्ज गेल्यावर, नोकरीच्या पोर्टलने तिच्या फाइलमधून आपोआप उचलून कंपन्यांना दाखवलेला मजकूर मी सहज पाहिला. रकाने एकमेकांत मिसळले होते आणि पानाच्या हेडरमधला, म्हणजे वरच्या पट्टीतला, तिचा फोन नंबर आलाच नव्हता.

त्याच दिवशी तिने विचारले, “भाऊ, एकाचाबी फोन काऊन नाई येऊन राह्यला? मायातच काई खोट हाये का?”

खरे सांगायला मी तोंड उघडले आणि म्हणालो, “आता साधाच चालते.” वर्डचा रेझ्युमे करून दिला. गेलेल्या चाळीस अर्जांत तिचा नंबरच पोचला नव्हता, हे सांगितले नाही.

“किती झाले, भाऊ?”

“काई नाई.”

“तुमच्यासारखा मानूस नाई, भाऊ,” ती म्हणाली. त्या वाक्यातून मी अजून सुटलेलो नाही.